जाड भिंत, खुजा ईसीजी

हृदयाचा त्रास असलेल्या माणसाच्या फायलीत दोन कागद हमखास असतात. एक ईसीजीचा आणि दुसरा टूडी इकोच्या अहवालाचा. हे दोन्ही कागद बहुतेक वेळा एकमेकांशी जुळतात. बरीच वर्षं ब्लडप्रेशर असलेल्या माणसाच्या हृदयाचा खालचा डावा कप्पा, म्हणजे डावा निलय, जास्त दाबाविरुद्ध रक्त ढकलून ढकलून जाड होतो. ही जाडी स्नायूपेशी मोठ्या झाल्यामुळे आलेली असते. पेशी मोठ्या झाल्या की त्यांतून निर्माण होणारी वीजही वाढते आणि ईसीजीच्या लाटा उंच दिसतात. इकोवर भिंत जाड, ईसीजीवर लाटा उंच, असा हा सरळ हिशेब आहे.

पण कधी कधी इको सांगतो की भिंत १७ मिलिमीटर जाड आहे (निरोगी माणसात ती साधारण ११ मिलिमीटरपर्यंत असते) आणि ईसीजीवरच्या लाटा मात्र खुज्या असतात. इथे हिशेब चुकतो, आणि याच चुकलेल्या हिशेबाकडे लक्ष वेधण्यासाठी हा लेख आहे. कारण त्यामागे हृदयाचा अमायलॉयडोसिस असू शकतो. एकेकाळी या आजाराचं निदान बहुधा शवविच्छेदनात व्हायचं आणि जिवंतपणी झालं तरी करण्यासारखं फारसं काही नव्हतं. आता ती परिस्थिती राहिलेली नाही. म्हणूनच हा आजार नजरेतून सुटणं आज जास्त महागात पडतं.

अमायलॉयडोसिसमध्ये शरीरातलंच एक प्रथिन घडी चुकवून बसतं. अशा चुकीच्या घडीच्या रेणूंचे सूक्ष्म, न विरघळणारे तंतू बनतात आणि ते अवयवांत साचत जातात. हृदयात ते स्नायूपेशींच्या मधल्या फटींत साचतात. एखादी भिंत जाड दिसावी, पण विटा होत्या तेवढ्याच असाव्यात आणि मधल्या सांध्यांत नुसतीच माती ठासलेली असावी, तसं हे होतं. तंतू वीज निर्माण करत नाहीत. उलट त्यांच्या दाबाने आणि विषारी परिणामाने चांगल्या पेशी झिजतात. म्हणून भिंतीची जाडी वाढत असताना ईसीजीचा आवाज मात्र क्षीण होत जातो.

खुज्या लाटा म्हणजे नेमक्या किती? हातापायांना लावलेल्या पट्ट्यांवरून ईसीजीच्या सहा ओळी मिळतात. त्या सहाही ओळींत मुख्य लाटेची वरपासून खालपर्यंतची एकूण उंची ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल, म्हणजे कागदावरच्या एका मोठ्या चौकटीएवढी किंवा कमी, तर त्याला ‘लो व्होल्टेज’ म्हणतात. मात्र निष्कर्ष काढण्यापूर्वी कागदाच्या कडेला असलेली मापाची खूण पाहायला हवी. १ मिलिव्होल्टला १० मिलिमीटर हे नेहमीचं प्रमाण. यंत्र चुकून ५ मिलिमीटरवर ठेवलेलं असेल तर प्रत्येकाच्याच लाटा अर्ध्या दिसतील. शिवाय लठ्ठपणा, फुगलेली फुप्फुसं, हृदयाभोवती साचलेलं पाणी, थायरॉइडची कमतरता यांतही लाटा लहान होतात. म्हणून नुसता खुजा ईसीजी फारसं काही सांगत नाही. जाड भिंतीच्या शेजारी ठेवला की मगच त्याला अर्थ येतो.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ईसीजीच्या लाटा नेहमीच्या उंचीच्या आहेत म्हणून अमायलॉयडोसिस नाही, असं म्हणता येत नाही. या आजाराच्या एका प्रकारात सुमारे निम्म्या रुग्णांतच लो व्होल्टेज सापडतं, दुसऱ्यात त्याहूनही कमी जणांत. त्यामुळे ‘लाटा खुज्या आहेत का’ यापेक्षा ‘एवढ्या जाड भिंतीला शोभतील इतक्या उंच आहेत का’ हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

आता एका रुग्णाची हकीकत पाहू. हा माणूस कल्पित आहे, पण त्याच्या फायलीतला एकेक तपशील या आजारात नेहमी आढळणारा आहे.

वय ७२, सहकारी बँकेतून निवृत्त. पंधरा वर्षं ब्लडप्रेशर, दोन गोळ्या चालू. साठीनंतर हाताच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या आणि कार्पल टनेलचं ऑपरेशन झालं, आधी उजव्या हाताचं, वर्षभराने डाव्या. सत्तरीच्या आसपास ब्लडप्रेशर आपोआप खाली यायला लागलं. डॉक्टरांनी आधी एक गोळी कमी केली, मग दुसरीही बंद केली. घरात सगळ्यांना आनंद झाला की पथ्य लागू पडलं. पुढे जिना चढताना धाप लागू लागली, संध्याकाळी पाय सुजू लागले. ईसीजी काढला तेव्हा छातीवरच्या पहिल्या तीन ओळींत वर जाणारी लाटच नव्हती. ‘जुना अटॅक येऊन गेला असावा’ असा शेरा पडला. अँजिओग्राफी केली, तर सगळ्या रक्तवाहिन्या मोकळ्या. इकोमध्ये भिंत १७ मिलिमीटर, वरचे दोन्ही कप्पे मोठे झालेले, हृदयाभोवती पाण्याचा पातळ थर आणि ‘पंपिंग ५५ टक्के’. नातेवाईक म्हणाले, पंपिंग तर चांगलं आहे. ‘ब्लडप्रेशरमुळे जाड झालेलं हृदय’ असं निदान झालं आणि ठोके कमी करणारी मेटोप्रोलॉलची गोळी सुरू झाली. दोन आठवड्यांत ब्लडप्रेशर ९०च्या घरात आलं, उठताना चक्कर येऊ लागली, थकवा दुपटीने वाढला.

हे का झालं, ते आकड्यांनी पाहू. निरोगी निलयात भरल्यावर साधारण १२० मिलिलिटर रक्त मावतं. त्यातलं ६० टक्के बाहेर फेकलं तर दर ठोक्याला ७२ मिलिलिटर रक्त शरीराला मिळतं. अमायलॉयडने जाड झालेल्या निलयात आतली जागा कमी होते आणि भिंत ताठर असल्याने तो नीट पसरत नाही, म्हणून भरतोच कमी. समजा त्यात ७० मिलिलिटर मावलं. त्याचं ५५ टक्के म्हणजे जेमतेम ३८ मिलिलिटर. टक्केवारी जवळपास तीच, पुरवठा मात्र निम्मा. हे हृदय एका ठोक्याला जास्त रक्त देऊ शकत नाही. त्याच्या हाती एकच उपाय उरतो, ठोके वाढवणं. मिनिटाला ९० ठोके पडले तर सुमारे साडेतीन लिटर रक्त फिरतं. गोळीने ठोके ६० वर आणले की तेच २.३ लिटरवर येतं. इतर अनेक हृदयरोगांत जी गोळी आयुष्य वाढवते, तीच इथे रुग्णाला झोपवते. डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल ही औषधंही या आजारात टाळतात. ब्लडप्रेशर उतरवणाऱ्या इतर गोळ्यांनीही चक्कर येते. चांगल्या पंपिंगच्या आकड्याने आजार झाकला जातो, हे माझ्या मते या सगळ्या गोंधळाचं मूळ आहे.

मग एका तरुण डॉक्टरने फाइल पुन्हा उघडली. ईसीजी आणि इको शेजारी शेजारी ठेवले. जाड भिंत, ५ मिलिमीटरच्या आतल्या लाटा, आणि अटॅकची खूण आहे पण अटॅक नाही. त्यांनी विचारलं, “काका, हातांचं ऑपरेशन कधी झालं होतं का?” मनगटातल्या अस्थिबंधांतही हेच तंतू साचतात आणि तिथला त्रास हृदयाच्या त्रासाच्या पाच ते दहा वर्षं आधी सुरू होऊ शकतो. कमरेच्या मणक्यातली नळी अरुंद होणं, फारसं वजन न उचलता दंडातला स्नायूबंध तुटून दंडावर गोळा येणं, हीसुद्धा याच माळेतली लक्षणं. रुग्ण ती अस्थिरोगतज्ज्ञाला सांगतो, हृदयरोगतज्ज्ञाला सांगायची असतात हे त्याला ठाऊक नसतं.

इको पुन्हा झाला, यावेळी ‘स्ट्रेन’ मोजून. स्ट्रेन म्हणजे भिंतीचा प्रत्येक भाग ठोक्यागणिक किती आखडतो याचं माप. निलयाच्या बुडाकडचा आणि मधला भाग जवळपास निपचित आणि फक्त टोक चांगलं हलतंय, असं चित्र आलं. हे चित्र अमायलॉयडची शंका बळकट करतं.

शंका बळकट झाली की पुढची पायरी कोणती, इथे सगळ्यांत घातक चूक होते. हृदयाला ग्रासणारे अमायलॉयडचे मुख्य प्रकार दोन. पहिल्याला एएल म्हणतात. त्यात अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा एक बिघडलेला गट प्रतिपिंडांचे तुकडे, म्हणजे ‘लाइट चेन’, बेसुमार तयार करतो आणि ते हृदयात, मूत्रपिंडांत, जिभेत, मज्जातंतूंत साचतात. जीभ जाड होणं, डोळ्यांभोवती काळेनिळे डाग पडणं, लघवीत फेस येणं ही त्याची लक्षणं. हृदय निकामी होऊ लागल्यावर उपचार झाले नाहीत तर हाती साधारण सहा महिने असतात. दुसरा प्रकार एटीटीआर. त्यात यकृतात बनणारं ट्रान्सथायरेटिन नावाचं प्रथिन साचतं. हे काही वेळा जनुकातल्या दोषामुळे होतं, पण म्हातारपणात जनुक अगदी निर्दोष असतानाही होतं, आणि असे रुग्ण बहुतांशी पुरुष असतात. हा आजार महिन्यांच्या नव्हे, वर्षांच्या गतीने पुढे जातो. फिनलंडमध्ये ८५च्या पुढच्या वृद्धांच्या शवविच्छेदनांत दर चारांपैकी एकाच्या हृदयात हे प्रथिन सापडलं होतं. त्या सगळ्यांना त्रास होत होता असं नाही, पण ही वस्तू तितकी दुर्मीळ नाही एवढं त्यावरून कळतं. स्पेनमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पंपिंग चांगलं असूनही हार्ट फेल्युअरने रुग्णालयात आलेल्या, जाड भिंतीच्या १२० वयस्कांत १३ टक्के एटीटीआरचे निघाले.

म्हणून पहिली तपासणी एएल आहे की नाही यासाठी, आणि तीही ताबडतोब. रक्तातल्या मुक्त लाइट चेन मोजणं, आणि रक्त व लघवी या दोन्हींचं ‘इम्युनोफिक्सेशन’, अशा या तीन चाचण्या आहेत. बऱ्याचदा नुसती ‘प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस’ सांगितली जाते. ती एकटी पुरत नाही, एएलचे बरेच रुग्ण तिच्यातून निसटतात. लाइट चेनचे कापा आणि लॅम्डा असे दोन प्रकार. त्यांचं गुणोत्तर सर्वसाधारणपणे ०.२६ ते १.६५ असतं. मूत्रपिंडं मंदावलेली असतील तर ते थोडं वर सरकतं, तेवढ्यावरून घाबरायचं नसतं.

आपल्या बँकेतल्या काकांच्या तिन्ही चाचण्या निर्दोष आल्या. मग टेक्नेशियम पायरोफॉस्फेटचा स्कॅन झाला. हाडांच्या तपासणीसाठी जुन्या काळापासून वापरात असलेलं हे किरणोत्सारी द्रव्य एटीटीआरने भरलेल्या हृदयात चिकटतं. इंजेक्शननंतर तीन तासांनी छातीची प्रतिमा घेतात. हृदय बरगड्यांपेक्षा फिकं असेल तर श्रेणी १, बरगड्यांएवढं असेल तर २, त्यांहून गडद असेल तर ३. काकांची श्रेणी ३ होती. सोबत घेतलेल्या त्रिमित प्रतिमेत द्रव्य कप्प्यातल्या रक्तात नसून खरोखर स्नायूत आहे हे दिसलं. ही त्रिमित प्रतिमा न घेतल्याने बरेच चुकीचे अहवाल येतात. रक्तात आणि लघवीत दोषी प्रथिन नसेल आणि स्कॅनची श्रेणी २ किंवा ३ असेल, तर हृदयाचा तुकडा न काढताही एटीटीआरचं निदान पक्कं करता येतं, हे २०१६ साली अनेक देशांतल्या रुग्णांच्या अभ्यासाने दाखवून दिलं.

पण क्रम उलटा करता येत नाही. एएलच्या रुग्णांपैकीही काहींचा स्कॅन उजळतो. आधी स्कॅन पाहून ‘एटीटीआर आहे, वर्षांचा आजार आहे’ असं समजून रुग्णाला घरी पाठवलं आणि प्रत्यक्षात तो एएलचा निघाला, तर ज्या महिन्यांत त्याचा जीव वाचला असता ते महिने निघून जातात. रक्तात दोषी प्रथिन सापडलं की स्कॅनवर विसंबायचं नाही. पोटावरच्या चरबीचा, मज्जेचा, गरज पडली तर हृदयाचा नमुना घ्यायचा. काँगो रेड या रंगात बुडवून ध्रुवित प्रकाशात पाहिल्यावर तो हिरवट चमकला तर अमायलॉयड, आणि मग तो कुठल्या प्रथिनाचा हे वेगळ्या तपासणीने ठरवायचं.

काकांची ट्रान्सथायरेटिन जनुकाची चाचणीही झाली. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला ती कशाला, असं मुलाने विचारलं. दोष सापडला असता तर तो मुलांतही असण्याची शक्यता प्रत्येकी ५० टक्के होती, म्हणून. दोष सापडला नाही.

आता उपचारांकडे वळू. एएलमध्ये मज्जेतला बिघडलेला गट मारावा लागतो, म्हणून हा उपचार रक्तविकारतज्ज्ञ करतात. बोर्टेझोमिब, सायक्लोफॉस्फामाइड आणि डेक्सामेथासोन या तीन औषधांना डाराट्युमुमॅब हे प्रतिपिंड जोडल्यावर काय होतं, ते ३८८ रुग्णांच्या चाचणीत पाहिलं गेलं आणि २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रक्तातला दोष पूर्ण नाहीसा झालेल्यांचं प्रमाण १८ टक्क्यांवरून ५३ टक्क्यांवर गेलं. हृदय अगदी शेवटच्या टप्प्यात असलेले रुग्ण मात्र त्या चाचणीत घेतलेच नव्हते. पहिली तीन औषधं भारतात जेनेरिक रूपात मिळतात, म्हणजे पैशाअभावी सुरुवातच अडावी अशी स्थिती एएलमध्ये नाही.

एटीटीआरच्या उपचारामागची गोष्ट पोर्तुगालमधून सुरू होते. ट्रान्सथायरेटिनचा रेणू चार सारख्या भागांचा असतो. हे चार भाग सुटे झाले की त्यांची घडी बिघडते आणि तंतू बनतात. पोर्तुगालमधल्या काही कुटुंबांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. तिथे दोषी जनुक असूनही काही माणसं धडधाकट राहिली. त्यांच्या दुसऱ्या प्रतीत आणखी एक बदल होता आणि त्याने चारही भाग घट्ट धरून ठेवले होते. निसर्गाने केलेलं हे काम गोळीने करता येईल का, असा शोध अमेरिकेत जेफ्री केली यांच्या प्रयोगशाळेत घेतला गेला आणि त्यातून टॅफॅमिडिस हे औषध आलं. ४४१ रुग्णांच्या चाचणीत अडीच वर्षांत औषध घेणाऱ्यांपैकी २९.५ टक्के दगावले, न घेणाऱ्यांपैकी ४२.९ टक्के. २०१९ साली अमेरिकेत त्याला हृदयाच्या आजारासाठी मान्यता मिळाली. अॅकोरामिडिस हे त्याच जातीचं पुढचं औषध २०२४ साली आलं.

टॅफॅमिडिस साचलेले तंतू काढत नाही, फक्त नवे बनू देत नाही. मृत्यूंतला फरक दिसायलाही जवळपास दीड वर्ष लागलं. आजार फार पुढे गेलेल्या, थोड्या हालचालीनेही थकणाऱ्या रुग्णांत रुग्णालयात दाखल व्हायचं प्रमाण औषध घेऊन कमी झालं नाही, उलट वाढलं. म्हणून हे औषध लवकर सुरू करण्यातच फायदा आहे, आणि लवकर सुरू करायचं तर शंका लवकर यायला हवी.

दुसरी वाट प्रथिन मुळात बनूच न देण्याची. वुट्रिसिरान हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी कातडीखाली देतात. ते यकृतात ट्रान्सथायरेटिनच्या जनुकाचा निरोपच नष्ट करतं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मृत्यू आणि हृदयाच्या तक्रारी कमी झाल्या आणि २०२५ मध्ये अमेरिकेत त्याला या आजारासाठी मान्यता मिळाली. ट्रान्सथायरेटिन शरीरात अ जीवनसत्त्व वाहून नेण्यात मदत करतं, म्हणून या औषधाबरोबर ते जीवनसत्त्व जोडून द्यावं लागतं. एकाच सलाइनमध्ये जनुकालाच कात्री लावणारा क्रिस्परचा उपचारही माणसांवर तपासला जातो आहे, पण २०२५ मध्ये एका रुग्णाच्या यकृताला गंभीर इजा झाल्यावर त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. साचलेले तंतूच उपसून काढणारी प्रतिपिंडंही अजून चाचण्यांतच आहेत.

किमतीचा प्रश्न खरा आहे. अमेरिकेत टॅफॅमिडिस बाजारात आलं तेव्हा वर्षाचा खर्च सुमारे सव्वादोन लाख डॉलर होता. पण महागडं औषध परवडणार नसेल तर निदान कशाला, हा विचार मला अजिबात पटत नाही. काकांची मेटोप्रोलॉल बंद केली आणि फ्युरोसेमाइड, म्हणजे लघवीवाटे पाणी काढणारी गोळी, जपून वाढवली, तेव्हा त्यांची चक्कर थांबली आणि सूज उतरली. या दोन्ही गोष्टींना फारसा खर्च आला नाही. अशा रुग्णाचे ठोके अनियमित झाले, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन आलं, तर इतर धोक्यांची बेरीज न करता रक्त पातळ करणारं औषध सुरू करतात. कारण ताठर हृदयाच्या वरच्या कप्प्यांत गुठळ्या फार सहज होतात आणि लकव्याचा धोका असतो. हेही निदान झालं तरच सुचतं.

तुमच्या घरात साठीच्या पुढचं कुणी धाप आणि सूज घेऊन इकोचा अहवाल बाळगून असेल, तर त्यात भिंतीची जाडी १२ मिलिमीटर किंवा जास्त लिहिली आहे का ते पाहा. असेल, तर ईसीजीचा कागद घेऊन जा, दोन्ही हातांच्या मुंग्या किंवा ऑपरेशन, मणक्याचा त्रास, आपोआप उतरलेलं ब्लडप्रेशर हे सगळं डॉक्टरांना सांगा आणि विचारा, “हा अमायलॉयडोसिस तर नसेल ना? लाइट चेनची तपासणी आधी करून घेऊ या का?” ठोके कमी करणारी गोळी मात्र स्वतःहून एकदम बंद करू नका.